हुरड्याच्या शेतावर पर्कोलेटर: नंतरच्यांची कॉफी कडू का होते

प्रश्न: आम्ही दर जानेवारीला पंचवीसेक जण मोहोळजवळच्या शेतावर हुरड्याला जातो. यंदा एवढ्या लोकांसाठी म्हणून बारा कपांचा स्टीलचा पर्कोलेटर घेतला. पहिल्या दोघा-तिघांना कॉफी बरी लागली, नंतरच्यांना इतकी कडू की निम्म्यांनी ओतून दिली. पावडर घरचीच, फिल्टर कॉफीची. दुसऱ्या खेपेला पावडर कमी टाकली तर आणखीच वाईट झाली. भांडं खराब आहे की आमचं काही चुकतंय?

उत्तर:

भांडं चांगलं आहे. पहिल्यांना बरी आणि नंतरच्यांना कडू, यावरून मला दिसतं ते असं: तुम्ही पहिले कप ओतले, भांडं पुन्हा चुलीवर ठेवलं, आणि टोपली आतच राहिली. तुम्ही हुरडा खात बसलात, पण भांड्याचं काम चालूच होतं.

पर्कोलेटरचा स्वभाव समजायला तो आतून एकदा नीट बघा. तळाशी उपड्या वाटीसारखी एक बैठक असते, तिच्यातून उभी नळी वर जाते. नळीच्या वरच्या टोकाशी भोकांची टोपली, तिच्यात कॉफी, आणि टोपलीवर भोकाभोकांची झाकणी. जाळ लागला की बैठकीखालचं थोडं पाणी आधी उकळतं. तिथे झालेली वाफ नळीतून वर जाताना पाण्याचा एक गोळा पुढे ढकलत नेते. तो गोळा झाकणाच्या काचेच्या गुंडीला आपटतो, झाकणीवर पसरतो, कॉफीतून झिरपतो आणि खाली मूळ पाण्यात पडतो. मग पुढचा गोळा, मग पुढचा. इलिनॉयच्या हॅन्सन गुडरिच नावाच्या शेतकऱ्याला 1889 साली या चुलीवरच्या भांड्याचं अमेरिकन पेटंट मिळालं, आणि रचना आजही जवळपास तीच आहे.

आता बाकीच्या भांड्यांशी ताडून बघा. आपल्याकडच्या पितळी किंवा स्टीलच्या फिल्टरमध्ये पाणी एकदा खाली उतरलं की काम संपलं. मोका पॉटमध्ये खालचं पाणी वर चढून गेलं की तोही थांबतो. (बाजारात मोका पॉटलाही बऱ्याचदा पर्कोलेटर म्हणून विकतात, पण ते वेगळं भांडं. त्यात पाणी कॉफीतून एकदाच जातं.) पर्कोलेटरला असा शेवट नाही. खाली पडलेली कॉफीच तो पुन्हा वर उचलतो आणि त्याच पुडीवर पुन्हा ओततो. जाळ आहे, पाणी आहे, टोपली जागेवर आहे, तोवर हा फेरा चालू राहणार. कधी थांबायचं हे भांड्याला कळत नाही, ते ओतणाऱ्याने ठरवायचं.

यात कडूपणा कुठून येतो? भाजलेल्या कॉफीच्या वजनापैकी साधारण 28 ते 30 टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. चवीला हवा असतो तो साधारण 18 ते 22 टक्क्यांपर्यंतचा. आंबटसर फळासारखी चव आणि सुगंध लवकर उतरतात, मागोमाग गोडसर, भाजक्या साखरेसारखा भाग येतो, आणि कडू-तुरट भाग रेंगाळत शेवटी येतो. म्हणजे शंभर ग्रॅम कॉफीतून वीस ग्रॅम माल पाण्यात आला तर कप छान लागतो. सव्वीस ग्रॅम आला तर वरचे सहा ग्रॅम बहुतेक ते, जे चोथ्यातच राहायला हवे होते. पर्कोलेटर हे सहा ग्रॅम खरवडून काढण्यात पटाईत आहे.

कुणी म्हणेल, खालचं पाणी कॉफीने भरत गेलं की ते आणखी अर्क ओढणार नाही, फेरा आपोआप मंदावेल. मंदावतो, पण नावापुरता. चांगल्या कडक काळ्या कॉफीतही दीड-पावणेदोन टक्केच कॉफी असते, बाकी सगळं पाणीच. तेवढ्याने त्याची ओढ संपत नाही.

आता तुमची दुसरी खेप. कडू झाली म्हणून पुढच्या वेळी पावडर कमी टाकायची, हे सगळ्यांनाच सुचतं आणि ते नेमकं उलटं आहे. पाणी तेवढंच, वेळ तेवढाच, आणि पूड निम्मी. मग त्या निम्म्या पुडीच्या प्रत्येक दाण्यावरून दुप्पट पाणी जातं. रंग फिका दिसतो म्हणून तुम्ही भांडं आणखी पाच मिनिटं ठेवता. हाती येते ती पातळ आणि तरीही कडू कॉफी, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. कडकपणा आणि कडूपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉफी कडक हवी तर पूड वाढवायची. कडू नको असेल तर वेळ आणि जाळ कमी करायचा. पर्कोलेटर वापरणारे जवळपास सगळेच कडकपणासाठी वेळ वाढवतात, तिथेच घोटाळा होतो.

दुसरी गोष्ट जाळाची. पहिली उसळी गुंडीत दिसते तेव्हा भांड्यातलं सगळं पाणी उकळत नसतं. उकळतं ते बैठकीखालचं, बाकीचं बरंच थंड असू शकतं. म्हणजे सुरुवातीला पुडीवर पडणारं पाणी जरा सौम्य असतं. जाळ त्याच वेळी उतरवला तर अख्खं भांडं खळखळत नाही आणि फेरा संथ राहतो. जाळ तसाच ठेवला तर थोड्याच वेळात सगळं भांडं उकळी फोडतं. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे आपल्याकडे पाणी साडेअठ्ठ्याण्णव अंशांच्या जवळपास उकळतं. हा फरक किरकोळ आहे, त्याच्या भरवशावर राहू नका. उकळत्या पाण्यात कडू भाग भराभर सुटतो. शिवाय इथे उकळतं ते नुसतं पाणी नसून तयार झालेली कॉफीच उकळते. तिचा सुगंध वाफेबरोबर जातो, आणि तिच्यातली काही आम्लं मोडून ओठ आवळणारी आंबट-कडू चव येते. शेतावर लांबून कॉफीचा घमघमाट येतो ना, तो कपातून निघून गेलेला असतो. मला पूर्वी तो वास आला की बरं वाटायचं. आता आला की मी आधी जाळाकडे बघतो.

मी हे एकदा घरी गॅसवर नीट करून पाहिलं. माझ्याही भांड्यावर बारा कप लिहिलंय. हे कप साधारण दीडशे मिलीचे धरतात, म्हणजे सगळं मिळून एक लिटर आठशे. मी एक लिटर चारशे पाणी आणि शंभर ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी घेतली. पहिली उसळी गुंडीत दिसली तेव्हा घड्याळ लावलं, जाळ अगदी बारीक केला आणि चौथ्या, सातव्या, दहाव्या आणि सोळाव्या मिनिटाला अर्धा-अर्धा कप काढून बाजूला ठेवला. सगळे कप एकसारखे कोमट झाल्यावर चाखले, कारण गरम कॉफीत कडूपणा लपतो. चौथ्या मिनिटाचा कप पातळ आणि थोडा आंबट होता, काही तरी राहून गेल्यासारखा. सातव्याचा भरलेला, गोडसर, शेवटी हलकासा कडवट, दुधात मस्त लागेल असा. दहाव्याला गोडवा मागे पडला होता. सोळाव्याचा घोट घेतल्यावर जीभ टाळूला चिकटली. सांगोल्याच्या डाळिंबाचे दाणे काढताना चुकून सालीचा पांढरा पापुद्रा दाताखाली यावा, तशी ती तुरटी. मग मी जाळ मोठा करून तोच प्रयोग पुन्हा केला. मोठ्या जाळावर सहाव्या-सातव्या मिनिटालाच तो डाळिंबाच्या सालीचा कप तयार झाला.

सात मिनिटंच का, याचा एक ढोबळ हिशेब सांगतो. माझ्या भांड्यात बारीक जाळावर दोन सेकंदांना एक उसळी येते, आणि प्रत्येक उसळीत चहाचा चमचा-दीड चमचा पाणी वर चढतं. म्हणजे मिनिटाला दोनशे मिलीच्या आसपास. सात मिनिटांत एक लिटर चारशे, म्हणजे सरासरीने सगळं पाणी पुडीतून एकदा गेलं. बस्स, तेवढंच हवं असतं. जाळ मोठा केला की उसळ्या एकमेकींना लागून येतात, आणि त्याच सात मिनिटांत दोन-तीन फेरे होतात. तुमच्या भांड्यात उसळी लहान-मोठी असेल, म्हणून घड्याळाबरोबर कानही ठेवा. 'गुड्... गुड्... गुड्' असा सुटा सुटा आवाज येत असेल तर ठीक. सलग 'गडगडगड' ऐकू आलं तर भांडं जाळावरून सरकवा.

तुमच्या शेतावर हे कसं जमवायचं? हुरड्याला आगटी असतेच. त्याच आगटीजवळ सोय आहे, फक्त भांडं मधोमध ठेवू नका. कडबा किंवा चिपाडं यांचा जाळ भसकन भडकतो आणि विझतो, त्यावर पर्कोलेटर कधीच ठेवू नका. गोवऱ्यांचा किंवा बाभळीच्या लाकडाचा विस्तव चांगला पडला, वर राख धरली की आगटीच्या कडेला दोन विटा समांतर मांडा आणि त्यांच्यामध्ये फावड्याने थोडा विस्तव ओढा. जाळ वाढवायचा तर निखारे आत सरकवायचे, कमी करायचा तर बाहेर. गॅसच्या शेगडीपेक्षा मला हे जास्त आवडतं. माळावरचा वारा बारीक केलेली ज्योत एक तर विझवतो, नाही तर एका बाजूला झोपवतो, मग भांड्याची एकच बाजू तापते. शेगडीच न्यायची असेल तर वाऱ्याकडे पत्र्याचा आडोसा करा, आणि शेगडी व तिचं सिलिंडर सगळ्या बाजूंनी कोंडू नका. भांड्याची तोटी धुराच्या उलट दिशेला ठेवा, नाहीतर गोवरीच्या धुराचा वास कॉफीत उतरतो. गुंडी प्लॅस्टिकची असेल तर ती विस्तवावर वाकडी होते, म्हणून भांडं शेगडीवरच चालवा किंवा काचेची गुंडी आणून लावा. गुंडीशिवाय चालवू नका. वरच्या भोकातून उकळत्या कॉफीच्या चिळकांड्या उडतात.

आता पावडर. फिल्टर कॉफीची पावडर यात चालत नाही, आणि तुमच्या तक्रारीचा मोठा भाग इथेच आहे. ती फार बारीक असते. टोपलीच्या भोकांतून ती खाली पडते आणि भांड्यातच पडून राहते, मग टोपली काढली तरी ती उकळतच असते. शिवाय तीत बहुधा चिकोरी असते. कॉफीतून जेवढा भाग पाण्यात उतरतो त्याच्या दुपटीहून जास्त चिकोरीतून उतरतो, आणि तोही लगेच. एकदाच झिरपणाऱ्या फिल्टरमध्ये चिकोरी कॉफीला अंग देते, दुधात खुलते. आपल्या गावात कन्नड आणि तेलुगू घरांतली ती सवय आहे आणि मीही सकाळी तीच पितो. पण फिरत्या पाण्यात तिचा काळा, करपट काढा होतो. पर्कोलेटरसाठी चिकोरी नसलेली, मध्यम भाजलेली कॉफी घ्या. फार काळी भाजलेली नको, ती लवकर कडू होते.

दळण किती जाड, हे इथल्या माणसाला सांगायला सोपं आहे. ज्वारीच्या कण्या असतात तेवढं. जाड रवा म्हणजे बारीक झाला. दुकानात दळून घेत असाल तर 'सगळ्यात जाड' असं सांगा आणि चिमूटभर पाहून घ्या. घरच्या मिक्सरवर दळणार असाल तर एकसलग फिरवू नका. थांबून थांबून चार-पाच झटके द्या, मग पिठाच्या चाळणीतून चाळा. खाली पडेल ती धूळ वेगळ्या डब्यात ठेवून घरी फिल्टरमध्ये वापरा. चाळणीवर राहिलेली तेवढी पर्कोलेटरची. मिक्सरचं दळण एकसारखं कधीच येत नाही, पण धूळ गेली की निम्मं काम झालं. टोपली आधी पाण्याने ओली करून मग पूड भरली तर उरलेली धूळ भिजल्या भोकांना चिकटते आणि कमी गळते. पूड सपाट करा, दाबू नका. उंचवटा राहिला तर पाणी एकाच वाटेने जातं, तिथली पूड धुऊन निघते आणि कडेची कोरडीच राहते. चोथा टाकताना मध्ये खड्डा आणि कडेला फिकट कोरडी पूड दिसली तर असंच झालं समजा.

आता पंचवीस जणांचा हिशेब. बहुतेकांना यात शंका येते की बारा कपांच्या भांड्यात पंचवीस जण कसे बसणार. दुधामुळे बसतात. हुरड्याच्या सकाळी माणशी शंभर मिलीचा कप पुरतो, म्हणजे अडीच लिटर. त्यातलं निम्मं दूध. मग काळी कॉफी लागली सव्वा लिटर. शंभर ग्रॅम पूड आपल्या वजनाच्या दुप्पट, म्हणजे दोनशे मिली पाणी पिऊन बसते. म्हणून एक लिटर चारशे पाणी घातलं की एक लिटर दोनशे कॉफी हाती येते. तेवढंच गरम दूध घातलं की दोन लिटर चारशे. पंचवीस कप शहाण्णव मिलीचे झाले. चार मिलीसाठी कुणी भांडणार नाही. आणि कॉफी मुळात कडक असल्याने दुधात ती हरवत नाही.

भांड्यात पाणी किती भरायचं याला वरून आणि खालून अशी दोन्हीकडून मर्यादा आहे. वरची मर्यादा म्हणजे टोपलीचा तळ. पाणी टोपलीला लागलं तर पूड कायम भिजत राहते आणि फेऱ्याला काही अर्थ उरत नाही. खालच्या मर्यादेबद्दल कुणी सांगत नाही. पाणी जितकं कमी, तितकी नळी पाण्याच्या वर जास्त उघडी, आणि वाफेला तो गोळा तितका उंच उचलावा लागतो. त्यासाठी जाळ मोठा लागतो. म्हणून चौघांसाठी बारा कपांचं भांडं अर्धं भरून लावलं तर कॉफी कडू होतेच, कारण बारीक जाळावर उसळीच येत नाही. माझ्या मते अशा भांड्यात दोन तृतीयांशाच्या खाली जाऊ नये. चार-पाचच माणसं असतील तर पर्कोलेटर घरी ठेवा. पातेल्यात पाणी उकळा, उतरवा, पूड टाका, झाकून चार मिनिटं ठेवा आणि मलमलच्या फडक्यातून गाळा. कॉफी पर्कोलेटरपेक्षा चांगली होईल.

शेतावरचा क्रम असा ठेवा. आधी भांड्यात फक्त पाणी घालून, नळी-टोपली बाहेर ठेवून, चांगल्या विस्तवावर तापवा. तळाला बुडबुडे धरू लागले की भांडं उतरवा आणि शंभर ग्रॅम पूड भरलेली टोपली नळीसकट आत बसवा. थंड पाण्यापासून टोपली आत ठेवून तापवलं तर पाणी उसळायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं पुडीला नुसती वाफ लागते आणि ती शिळ्यासारखी होते. झाकण लावून भांडं परत विटांवर ठेवा. मिनिटा-दोन मिनिटांत पहिली उसळी दिसेल. तिथून सात मिनिटं, आणि लगेच निखारे बाहेर ओढायचे. गुंडीतला रंग सुरुवातीला पाण्यासारखा, मग बिनदुधाच्या चहासारखा तांबूस, आणि सातव्या मिनिटाच्या आसपास काकवीसारखा गडद पण उजेडात धरला तर तांबडा दिसेल असा होतो. गुंडी काळीकुट्ट व्हायची वाट बघितली तर उशीर झाला. फक्त एक, पहाटेच्या अंधारात विजेरीच्या उजेडाने रंग फसवतो, तेव्हा घड्याळावरच विश्वास ठेवा.

सात मिनिटं झाली की भांडं जमिनीवर उतरवा. अर्धा-एक मिनिट टोपली निथळू द्या. मग झाकण काढून सांडशीने नळी धरा आणि टोपली नळीसकट उचलून बाहेर काढा. तुमच्या अख्ख्या भानगडीवरचा उपाय हा एवढाच आहे. टोपली बाहेर आली की कॉफीचा आणखी अर्क उतरणं थांबलं. पण उरलेली कॉफी पुन्हा विस्तवावर ठेवू नका, ती टोपलीशिवायही उकळून बिघडते. सरळ थर्मासमध्ये ओता. थर्मास आधी गरम पाण्याने विसळून घेतला असेल तर उशिरा उठणाऱ्यालाही बरी कॉफी मिळते. पंचविसावा कप पहिल्यासारखा लागायचा असेल तर दोन लिटरच्या थर्मासवर खर्च करा, भांड्यावर आणखी नको.

दूध वेगळ्या पातेल्यात तापवा, साखर त्यातच घाला, आणि कॉफी ओतताना कपात मिसळा. पर्कोलेटरमध्ये दूध घालून बघणारा एक तरी माणूस प्रत्येक गटात असतो. ते फेसाळून वर येतं, बैठकीखाली करपतं, आणि नळीत साय अडकली की भांडं धुवायला अर्धा तास जातो.

पाण्याबद्दल थोडंसं. शेतावरची बोअर बऱ्याचदा जड असते. तशा पाण्यातली कॉफी सपक लागते, कारण त्यातले क्षार कॉफीचा आंबटसर भाग मारून टाकतात, आणि उरलेला कडूपणा जास्त जाणवतो. एक लिटर चारशेच पाणी लागतं, तेवढं घरून न्या. बोअरचंच पाणी वर्षभर वापरलं तर बैठकीखाली आणि नळीत पांढरा थर धरतो, आणि उसळी अडखळत येते. एका भांडंभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व घालून, टोपली रिकामी ठेवून, पाच मिनिटं चालवा आणि दोनदा साध्या पाण्याने विसळा. ॲल्युमिनियमचं भांडं असेल तर लिंबूसत्त्व त्यात ठेवून विसरू नका.

तरीही कॉफी बिघडलीच, तर घोट थोडा थंड करून चाखा. जीभ कोरडी पडते आणि कडूपणा मागे रेंगाळतो, म्हणजे अर्क जास्त उतरला. पुढच्या खेपेला एक मिनिट कमी करा किंवा निखारे कमी करा, पूड तीच ठेवा. आंबट आणि पाण्यासारखी लागली तर अर्क कमी उतरला, एक मिनिट वाढवा. चव ठीक आहे पण दुधात हरवते, तर पूड वाढवा आणि वेळेला हात लावू नका. मात्र टोपलीत पाऊण भागापेक्षा जास्त भरू नका, पूड फुगते, झाकणी वर उचलते आणि कण कडेने खाली सांडतात. एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन्ही बदललंत तर कशाने सुधारलं ते कळणार नाही.

हुरडा झाल्यावर अकराच्या सुमारास दुसऱ्या फेरीची मागणी येते, आणि तेव्हा टोपलीत सकाळचा चोथा अजून गरम असतो. त्यावरच मूठभर नवी पूड टाकून भांडं चढवायचा मोह होतो. मी एकदा तसं केलंय, पाहुण्यांच्या गर्दीत, पावडर संपत आली होती म्हणून. नव्या मूठभर पुडीतून आलेलं चांगलं, जुन्या चोथ्यातून निघालेल्या कडू पाण्याखाली बुडून गेलं, आणि घरच्या आजींनी एक घोट घेऊन कप गुपचूप शेवग्याच्या बुंध्याशी रिकामा केला. चोथा झाडाला घालायला हरकत नाही, पण टोपली विसळून, नवे शंभर ग्रॅम घेऊनच दुसरी फेरी करा.